बिझीत अडकलेली सीगेट आणि बोर्ड बदलायचा हट्ट

प्रश्न: जुनी सीगेट ५०० जीबी डिस्क अचानक बायोसमध्ये दिसायची बंद झाली, फिरते पण, आवाजही नॉर्मल. मित्राची तशीच डिस्क ० एमबी दाखवते. डेटा मिळेल का? बोर्ड बदलून बघू का?

उत्तर:

बोर्ड बदलू नका. माझा मेव्हणा अजूनही म्हणतो की नीट बोर्ड मिळाला असता तर काम झालं असतं, म्हणून सविस्तरच लिहितो.

त्याचा लग्नाच्या फोटोंचा धंदा. डिस्क बॅराकुडा 7200.11, मॉडेल ST3500320AS, लेबलवर फर्मवेअर SD15. रात्री पीसी व्यवस्थित बंद केला, सकाळी बायोस डिटेक्टवर बराच वेळ लटकून डिस्क नाहीच म्हणाला. दुकानदाराने कानाला न लावताच 'हेड गेलं, क्लीन रूम लागेल' सांगून टाकलं आणि पैसे असे सांगितले की तेवढ्यात नवा पीसी आला असता. अरे हेड गेलं तर बहुतेक वेळा टक टक वाजते, ही तर गपचूप फिरत होती! मग मेव्हण्याने त्याच मॉडेलचा सेकंडहँड बोर्ड आणून लावला, काही फरक नाही, आणि पडणार कसा, कारण बिघाड बोर्डात नव्हताच. डिस्कचं बरंचसं फर्मवेअर प्लॅटरवरच्या राखीव ट्रॅकवर असतं, आणि बोर्डावरच्या रॉममध्ये त्याच डिस्कपुरतं कॅलिब्रेशन असतं, म्हणजे दुसऱ्याचा बोर्ड लावून उलट गोंधळच वाढतो.

भानगड काय होती ते सीगेटने २००९ च्या जानेवारीत मान्य केलं. डिस्क आत एक इव्हेंट लॉग लिहिते, त्याची शेवटची हद्द फर्मवेअरमध्ये एकाने चुकली होती. पॉवर देताना लॉगचा काउंटर नेमका ३२० वर किंवा त्यापुढे दर २५६ नोंदींवर असेल, आणि फॅक्टरीतल्या टेस्टरचा ठराविक पॅटर्न राखीव भागात राहिला असेल, तर पॉइंटर हद्दीबाहेर जातो आणि फर्मवेअर सेफ्टी म्हणून तिथेच थांबतं, म्हणजे डिस्क बिझीत अडकते. थांबलं की काउंटर पुढे सरकत नाही, म्हणून शंभर वेळा चालू-बंद केलं तरी तेच. फोटो मात्र जागच्या जागी.

डिस्कच्या फर्मवेअरशी थेट बोलायला आम्ही नोकियाची जुनी सीए-४२ डेटा केबल कापून वापरली, आत यूएसबी-सिरियल चिप असते. आज ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घ्या. पीसीचा जुना सिरियल पोर्ट थेट लावू नका, त्या व्होल्टेजने बोर्ड जाईल. आरएक्स-टीएक्सच्या वायरी एकमेकांना टेकवून पीसीवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप केलेलं स्क्रीनवर उमटतं का बघा, मग साटाशेजारच्या पिनांना जोडा. स्पीड 38400. नुसतं असंच चालू केलं तर `LED:000000CC` च्या ओळी येत राहतात आणि डिस्क काही ऐकत नाही. म्हणून बोर्ड सैल करून मोटरच्या कॉन्टॅक्टखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सारायचा, पॉवर द्यायची, Ctrl+Z दाबलं की `F3 T>` येतं. मग:

```
/2
Z
```

स्पिन डाउन झाल्याचा मेसेज आला की पॉवर चालू ठेवूनच कार्ड काढा, स्क्रू घट्ट करा (स्क्रू बोर्डावर पडू देऊ नका), आणि:

```
U
/1
N1
/T
```

पॉवर काढा, थोडं थांबा, परत द्या, Ctrl+Z, आणि शेवटी ट्रान्सलेटर, म्हणजे सेक्टरांचं मॅपिंग, नव्याने बनवायला:

```
m0,2,2,0,0,0,0,22
```

काही सेकंदांनी स्क्रीनवर आलं `User Partition Format Successful` आणि मेव्हणा खुर्चीतून उठलाच, 'फॉरमॅट मारलास!' मारलं नव्हतं, फक्त मॅपिंग बनलं. बायोसमध्ये ५०० जीबी दिसली, फोटो सगळे.

तुमच्या मित्राची ० एमबी वाली केस यातलीच सोपी. डिस्क नाव सांगते पण ट्रान्सलेटर लोड होत नाही. तिला कार्ड नको, N1 नको, बहुधा शेवटची कमांडच पुरते.

आता जे आधी सांगायला हवं होतं. `m` मधला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर खरोखर फॉरमॅट सुरू होतं, कॉपी-पेस्ट करा. नेटवर कुठे कुठे मध्ये `i4,1,22` सांगतात, तो खराब सेक्टरांची जी-लिस्ट पुसतो. डिस्कमध्ये आधीच सेक्टर रीअलोकेट झालेले असतील तर तिथला डेटा हातचा जाऊ शकतो, मी तो नाही मारत. डिस्क वाजत असेल तर हे काहीच करू नका. आणि हे 7200.11 पुरतं आहे, नंतरच्या बऱ्याच सीगेटचा टर्मिनल कुलूपबंद असतो, तिथे पीसी-३००० हे डेटा रिकव्हरीचं यंत्र असलेला माणूसच लागतो. डिस्क उठली की आधी सगळं कॉपी करा, SD1A फर्मवेअरचा अपडेट नंतर. तो अपडेट अडकलेल्या डिस्कला उठवत नाही, फक्त पुढचं टाळतो.

मेव्हण्याचं उत्तर यावर असं की तो बोर्ड डुप्लिकेट होता. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, चांगल्या डिस्कवरचा होता, तुमच्या डिस्कवर चालला तर फुकट पाठवतो.