लॅपटॉपवर गेम अडकत अडकत चालतो. एफपीएस बूस्टर किंवा रजिस्ट्री ट्वीक पॅक टाकला तर फरक पडेल का? कुठला चांगला आहे?

कुठलाच नाही. असा एक पॅक आणि एक पैसे भरून घेतलेला बूस्टर आमच्या सहा मशीनवर चाललेला मी पाहिला आहे, आणि ते निस्तरायला मला दोन महिने लागले. म्हणून सविस्तर लिहितो.

2023 मध्ये मी आणि माझा मावसभाऊ मिळून सांगलीत एक छोटं गेमिंग कॅफे चालवत होतो. सगळ्या मशीन सारख्या: रायझन 5 5600जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, 8 जीबीची एकच रॅम स्टिक. काउंटर-स्ट्राइक 2 आल्यावर पोरं तक्रार करायला लागली की गेम मध्येच थबकतो. मी म्हटलं, प्रत्येक मशीनला अजून एक 8 जीबीची स्टिक घालू. दादा म्हणाला, "अरे, सहा स्टिकांचे पैसे कशाला घालवतोस? सेटिंग नीट केलं की झालं." आणि एका रात्रीत त्याने सहाही मशीनवर कुठूनतरी उतरवलेला ट्वीक पॅक चालवला, वर बूस्टरचं वर्षाचं लायसन्स घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं की मशीन हलकी झाली. वाटणारच, कारण सगळ्या मशीन नुकत्याच रीस्टार्ट झाल्या होत्या आणि बूस्टरने मागे उघडे असलेले ब्राउझर बंद केले होते. आठवड्याने तक्रारी दुप्पट झाल्या. त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली: काही झटके अगदी ठरल्या वेळी, दर पाच मिनिटांनी येत होते.

हे झटके बूस्टरचे होते. त्यात "मेमरी ऑप्टिमाइझ" दर पाच मिनिटांनी आपोआप चालायचं आणि "1.3 जीबी मोकळी केली" असं हिरव्या अक्षरात दाखवायचं. प्रत्यक्षात तो विंडोजला सांगत होता की चालू प्रोग्रामांच्या ताब्यातली मेमरीची पानं, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, काढून घे. त्यात गेमचीही पानं गेली. पुढच्याच क्षणी गेमला ती परत लागतात. काही रॅममधूनच परत मिळतात, काही डिस्कवरून आणावी लागतात, आणि तोवर फ्रेम थांबते. मोकळी दिसणारी रॅम काही कामाची नसते. विंडोज त्या जागेत फाइली साठवून ठेवतो आणि गरज पडली की क्षणात सोडून देतो. बूस्टर काढला, पाच मिनिटांचे झटके गेले.

पण बाकीचं थबकणं तसंच राहिलं, आणि मला खरा त्रास इथे झाला. पॅकसोबत "सगळं पूर्ववत करा" अशी एक .reg फाइल होती. ती चालवली, मशीन रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. दादा म्हणाला, "बघ, म्हणजे पॅकचा दोष नव्हता." तीन-चार रात्री घालवल्यावर मी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये `bcdedit /enum` टाकलं आणि तिथे `useplatformclock Yes` ही ओळ दिसली. पॅकमधल्या बॅच फाइलने ती घातली होती. ही सेटिंग बूटच्या वेगळ्या साठ्यात राहते. त्या .reg फाइलने फक्त स्वतःच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी उलटवल्या, याला हातही लावला नाही.

ही सेटिंग काय करते ते समजून घ्या, कारण अनेक पॅकमध्ये ती "लेटन्सी कमी करते" म्हणून असते. गेम सतत वेळ विचारत असतो, एका फ्रेममध्ये कितीतरी वेळा. एरवी विंडोज हे उत्तर प्रोसेसरच्या आतल्याच काउंटरवरून देतो आणि ते काही नॅनोसेकंदांत होतं. `useplatformclock` लावलं की प्रत्येक वेळी प्रोसेसरच्या बाहेरचं, मदरबोर्डवरचं घड्याळ वाचायला जावं लागतं. त्याला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे अनेक पट जास्त. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे की हा पर्याय फक्त डीबगिंगसाठी वापरावा. 2018 मध्ये हार्डवेअरची परीक्षणं करणाऱ्या आनंदटेक या साइटने रायझनच्या दुसऱ्या पिढीची परीक्षणं छापली, तेव्हा त्यांचे आकडे इतरांशी जुळेनात. शोधल्यावर कळलं की त्यांच्या चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये हेच घड्याळ सक्तीने लावलेलं होतं, आणि त्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरवर काही गेम बरेच मागे पडले होते. व्यवसायाने मोजमाप करणारे लोक यात फसले, तर फुकटचा पॅक बनवणाऱ्याने काय तपासलं असेल?

ती आणि घड्याळाच्याच आणखी दोन सेटिंग काढायच्या असतील तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये हे, आणि मग रीस्टार्ट:

```
bcdedit /deletevalue useplatformclock
bcdedit /deletevalue useplatformtick
bcdedit /deletevalue disabledynamictick
```

एखादी नोंद मुळात नसेल तर तशी एरर येते, त्याने काही बिघडत नाही.

दादाशी वाद मिटेना, म्हणून मी मोजलं. फ्रेम मोजणारं कॅपफ्रेमएक्स लावलं, तोच नकाशा, तेच बॉट, 720पी, प्रत्येकी तीन फेऱ्या. पॅकशिवाय एका स्टिकवर सरासरी 71 एफपीएस आणि एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमांचा वेग, 34. पॅकसह सरासरी 66, लो 19. सरासरी फारशी पडली नाही, म्हणून कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघून काही कळत नव्हतं. हाताला जाणवत होतं ते या 19 मुळे. मग मी स्वतःच्या खिशातून दोन मशीनना दुसरी स्टिक घातली आणि त्यातल्या एकीवर पॅक मुद्दाम ठेवला. पॅक असलेली 91 आणि 33, नसलेली 104 आणि 57.

रॅमने एवढा फरक का पडला? 5600जीचं ग्राफिक्स साध्या रॅमवरच जगतं. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी पुरवते, दोन वेगळ्या चॅनेलवर दोन स्टिक 51.2. हा रस्ताच अरुंद असेल तर रजिस्ट्रीतला कुठला आकडा तो रुंद करणार? आणि रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सेटिंग बायोसमध्ये बंद असेल तर 3200 ची स्टिकही बऱ्याचदा त्याहून हळू चालते. आमच्या दोन मशीनवर ते बंदच होतं.

दादा आजही लोकांना सांगतो की पॅक आणि रॅम दोन्हींनी मिळून कॅफे सुधारलं. वर दिलेले 91 आणि 104 हे त्याचं उत्तर आहे. लायसन्सचे पैसे स्टिकांना लावले असते तर ऐन दिवाळीच्या सुट्टीत आमची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली नसती.

एक मान्य करतो. ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील आणि रॅम 8 जीबीच असेल, तर ते बंद केल्याने खरंच फरक पडतो. पण ते हाताने करा. विंडोज 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी बंद केल्यानेही काही मशीनवर थोडे एफपीएस वाढतात, मात्र त्यात सुरक्षेचं एक कवच जातं. मी ते कॅफेत केलं नाही.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच सांगतो. चार्जर लावून खेळा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे Slots used पुढे 1 of 2 दिसलं, तर बूस्टर शोधणं थांबवून त्याच वेगाची दुसरी स्टिक घ्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते, तेव्हा आधी मागचं झाकण उघडून बघा.