डब्यातला कॅमेरा आणि डिशमधला थेंब

आमच्या आयव्हीएफ क्लिनिकने टाइम-लॅप्स इन्क्युबेटरचे तीस हजार रुपये वेगळे सांगितलेत. त्याने बाळ होण्याची शक्यता खरंच वाढते का? (डोंबिवली)

बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत नाही. ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या ७ केंद्रांत १,५७५ स्त्रियांवर याची चाचणी झाली आणि ती २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट पाडले होते. पहिल्या गटाचे भ्रूण कॅमेऱ्याच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवले आणि चित्रण पाहून निवडले. दुसऱ्या गटाचे भ्रूण त्याच इन्क्युबेटरमध्ये न हलवता वाढवले, पण निवड करताना चित्रण वापरलं नाही. तिसरा गट नेहमीच्या पद्धतीचा. जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण निघालं अनुक्रमे ३३.७, ३६.६ आणि ३३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

कारण समजायला सोपं आहे. हे यंत्र साधारण दर दहा मिनिटांनी भ्रूणाचा फोटो काढतं, आणि त्यासाठी डिश बाहेर काढावी लागत नाही. त्यातून आम्हा एम्ब्रियोलॉजिस्टना, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण सांभाळणाऱ्यांना, बऱ्याच गोष्टी दिसतात. उदाहरणार्थ, एका पेशीच्या दोन होण्याऐवजी एकदम तीन झाल्या, तर ते सकाळी एकदा सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला कळत नाही, चित्रणात स्पष्ट दिसतं. असं भ्रूण रुजण्याची शक्यता कमी असते, म्हणून आम्ही ते रांगेत मागे ठेवतो. पण कॅमेरा एवढंच करतो, रांग लावतो. भ्रूण सुधारत नाही. तुमचे तीन चांगले ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत नीट वाढलेले भ्रूण, असतील, तर आज ना उद्या तिन्ही वापरले जाणार आहेत. आधी कोणता, एवढाच प्रश्न. आणि एकच असेल तर निवडायचं काय?

यंत्र क्लिनिकमध्ये असेल आणि सगळ्यांसाठीच वापरत असतील तर उत्तमच. वेगळे पैसे मागत असतील, तर मी तरी ते पुढच्या ट्रान्सफरसाठी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यासाठी, बाजूला ठेवीन.

माझं वय ३६. बारा बीजं मिळाली, दहा परिपक्व होती, सात फलित झाली आणि शेवटी दोनच ब्लास्टोसिस्ट झाले. लॅबची चूक म्हणायची का? (सातारा)

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. हिशोब करून बघू.

इक्सी, म्हणजे सुईने बीजात एकच शुक्राणू सोडणं, फक्त परिपक्व बीजांवर होते, त्यामुळे बारा विसरा, दहापासून मोजा. दहातली सात म्हणजे ७० टक्के. जगभरच्या एम्ब्रियोलॉजिस्टांनी व्हिएन्नात बसून प्रयोगशाळांसाठी काही मापं ठरवली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत इक्सीनंतर सामान्य फलन किमान ६५ टक्के हवं आणि ८० टक्के गाठायचं ध्येय असावं, असं म्हटलंय. तुमचं या दोन्हींच्या मध्ये आहे.

पुढच्या टप्प्यावर सातातले दोन, म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होण्याचं माप किमान ४० आणि ध्येय ६० टक्के आहे. इथे तुमचा आकडा खाली दिसतो आणि शंका येणं स्वाभाविक आहे. पण समजा लॅब नेमकी ४० टक्क्यांवर चालते. अशा लॅबमध्ये सात फलित बीजं असलेल्या शंभर स्त्रिया आल्या, तर त्यांतल्या सुमारे ४२ जणींना दोन किंवा त्याहून कमी ब्लास्टोसिस्ट मिळतील, कुणाचीही चूक नसताना. अगदी ६० टक्क्यांच्या लॅबमध्येही सुमारे दहा जणींच्या वाट्याला हेच येईल. एका चक्रावरून लॅब ओळखता येत नाही ती यामुळे.

आणखी एक गोष्ट विचारा: ते पाच कधी थांबले? चार ते आठ पेशी होईपर्यंत भ्रूण मुख्यतः बीजातल्या शिदोरीवर जगतं. त्यानंतर त्याची स्वतःची जनुकं काम हाती घेतात, शुक्राणूकडून आलेलीही. तिसऱ्या दिवसापर्यंत छान दिसणारे भ्रूण नंतर थांबतात तेव्हा कारण बरेचदा गुणसूत्रांत असतं आणि छत्तिसाव्या वर्षी ते प्रमाण वाढायला लागलेलं असतं. लॅबवर संशय घ्यायचा, तर तिच्या महिन्याच्या एकूण आकड्यांवरून घ्या.

एम्ब्रियोलॉजिस्टच्या हातात नेमकं काय असतं? डॉक्टर म्हणतात, ‘लॅब चांगली आहे’. म्हणजे काय? (पुणे)

भ्रूण बनवणं आमच्या हातात नसतं. त्याचं काही बिघडू नये, एवढं असतं. भ्रूण माध्यमाच्या, म्हणजे पोषक द्रवाच्या, एका थेंबात राहतं, वर तेलाचा थर असतो. त्या थेंबाचं तापमान, आम्लता आणि क्षारांची दाटी पाच-सहा दिवस जागच्या जागी ठेवणं हेच आमचं मुख्य काम.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून तिथलंच उदाहरण देतो. माध्यमात बायकार्बोनेट असतं आणि त्याची आम्लता इन्क्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ठरते. पीएच साधारण ७.२ ते ७.४ मध्ये राहायला हवा. समुद्रसपाटीला मुंबईत ६ टक्के वायूवर जो पीएच मिळतो, तो पुण्यात ६ टक्क्यांवर मिळत नाही, कारण ५६० मीटर उंचीवर हवेचाच दाब कमी. पुण्यात त्यासाठी जवळपास ६.४ टक्के लागतात. मुंबईहून यंत्र आणलं, तिथलाच आकडा ठेवला, तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि थेंब मात्र थोडा अल्कधर्मी होत जातो. म्हणून चांगली लॅब टक्क्यांवर विसंबत नाही, प्रत्यक्ष पीएच मोजून टक्के ठरवते.

तापमानाचंही तेच. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एका पावसाळ्यात ब्लास्टोसिस्टचं प्रमाण पन्नासच्या वरून पस्तिशीत आलं. आधी आम्ही रुग्णांच्या वयाला दोष दिला. मग माध्यमाच्या नव्या खोक्याला. शेवटी एका दुपारी मी सहकारी मॅडमना घेऊन टाइम-लॅप्सचं जुनं-नवं चित्रण शेजारी शेजारी लावून बसलो. वेगवेगळ्या जोडप्यांचे भ्रूण, पण यंत्राच्या त्याच दोन कप्प्यांत ठेवलेले सगळेच उशिराने वाढत होते. इतर कप्प्यांत ५८ तासांच्या आसपास आठ पेशी होत होत्या, तिथे ६३-६४ तास लागत होते. एखाद्या जोडप्याचं बीज कमकुवत असलं तर तेवढ्यांचेच भ्रूण रेंगाळतात. सरसकट सगळे रेंगाळतात तेव्हा बहुधा गारठा असतो. तारेसारखा बारीक तापमापक तेलाखालच्या थेंबात सोडला. पडदा दाखवत होता ३७.०, थेंब होता ३६.४. कप्पे दुरुस्त केले आणि दोन महिन्यांत आकडा परत वर आला.

माझ्या मते त्या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. तो भ्रूणापेक्षा लॅबवर जास्त चांगली नजर ठेवतो. फक्त चित्रण एकेका रुग्णाचं सुटं न बघता कप्प्याप्रमाणे लावून बघणारं कुणीतरी हवं.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. लॅबची हवा गाळलेली असते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते, आत येत नाही. रंग, फिनेल, अत्तर यांची वाफ भ्रूणाला बाधते. शेजारच्या गाळ्यात रंगकाम निघालं की आमची झोप उडते ती म्हणून.

क्लिनिक निवडताना लॅबबद्दल काय विचारावं? ‘सक्सेस रेट’ सगळेच सत्तर टक्के सांगतात. (नांदेड)

तो प्रश्न सोडूनच द्या. कशाच्या सत्तर टक्के, हे कुणी सांगत नाही.

पहिला प्रश्न असा विचारा: ‘एम्ब्रियोलॉजिस्ट इथेच असतात की येऊन जातात?’ आपल्याकडे लहान शहरांत बॅच पद्धत चालते. आठ-दहा स्त्रियांची इंजेक्शनं एकाच वेळी लावतात, मोठ्या शहरातून एम्ब्रियोलॉजिस्ट येतात, बीजं काढून फलित करतात आणि पुढच्या गावाला जातात. पद्धत वाईटच असं नाही, चांगल्या निकालाच्या बॅचही मी पाहिल्यात. पण मग पुढे विचारायला हवं: दुसऱ्या दिवशी सकाळी, १६ ते १८ तासांनी, फलन कोण बघतं? दोन बॅचच्या मध्ये इन्क्युबेटर बंद ठेवला होता का, आणि बॅचच्या किती दिवस आधी चालू करून मोजला? इथे उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

दुसरा: ‘गेल्या सहा महिन्यांत माझ्या वयोगटात फलित बीजांपैकी किती टक्के ब्लास्टोसिस्ट झाले, आणि गोठवलेल्यांपैकी वितळवल्यावर किती तगले?’ तगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असू नये. आकडा कितीही असो, तो त्यांच्याकडे तयार आहे का, हे महत्त्वाचं. जी लॅब स्वतःचे आकडे महिन्याला बघते ती वहीतून किंवा संगणकावरून लगेच सांगते.

तिसरा: ‘रात्री दोन वाजता वीज गेली किंवा सिलिंडर संपला तर फोन कुणाला जातो?’ जनरेटर आहे, हे पुरेसं उत्तर नाही. माणसाचं नाव यायला हवं.

अदलाबदलीची भीती असेल तर साक्षीची पद्धत विचारा. डिशवर नाव घालणं, शुक्राणू-बीज एकत्र करणं, ट्रान्सफर, या प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाने नाव वाचून सही करायची असते. काही ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक टॅग करतो. तेही तितकंच चालतं.

आणि हो, २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या, कायद्याखाली क्लिनिकची नोंदणी आहे ना, तेही बघा. आयव्हीएफसाठी लेव्हल २ ची नोंदणी लागते. लेव्हल १ वाल्यांना फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, करता येतं.

सारखे फोटो काढल्याने, प्रकाशाने भ्रूणाला त्रास होत नाही ना? (मडगाव)

नाही. त्यात मंद लाल प्रकाश वापरतात आणि एका फोटोला तो सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता लागतो. डिश बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की याहून जास्त उजेड पडतो, शिवाय थंडी लागते ती वेगळीच.