पिवळा अंडाकार दिसला की निम्मं काम झालं, पण उरलेल्या निम्म्यातच माणूस फसतो

प्रश्न : माझ्याकडे बॅटमॅनच्या कॉमिक्सची सुटी पानं आहेत, कव्हर एकाचंही नाही. छातीवरचं चिन्ह, ड्रेसचा रंग आणि चित्रं बघून कुठलं पान कुठल्या काळातलं ते कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी छाती बघा, चेहरा नंतर. वटवाघळाच्या मागे पिवळा अंडाकार आहे की नाही एवढंच बघायचं. हा अंडाकार पहिल्यांदा आला मे १९६४ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स अंक ३२७ मध्ये, तेव्हा संपादक होते ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रं काढायला बसवलं होतं कार्माइन इन्फँटिनोला. त्याआधीची पंचवीस वर्षं, म्हणजे मे १९३९ च्या अंक २७ पासून, छातीवर नुसतं काळं वटवाघूळ असायचं, करड्या कापडावर थेट. आणि २००० साली अंडाकार नेहमीच्या मालिकांमधून परत काढून टाकला. म्हणजे पान नेहमीच्या मालिकेतलं असेल आणि अंडाकार असेल तर ते १९६४ ते २००० मधलं, असं बेधडक धरून चाला. २०१० च्या आसपास तो थोडा काळ परत आला होता, पण ती पानं कॉम्प्युटरवर रंगवलेली असतात, त्यामुळे घोळ होत नाही.

एक चूक मात्र सगळे करतात, मीही केलीय. वटवाघळाच्या पंखांना किती टोकं आहेत ते मोजत बसायचं नाही. चाळीस-पन्नासच्या दशकात ते चिन्ह एकाच पानावर तीन चौकटीत तीन वेगळ्या आकाराचं असतं, चित्रकाराला घाई असायची आणि छातीवरच्या त्या ठिपक्याकडे कोण बघतंय असा सगळा कारभार. टोकांवरून साल सांगणारे तक्ते नेटवर फिरतात, ते पोस्टरला छान दिसतात, सुट्या पानाला काही उपयोगाचे नाहीत.

आता अंडाकार नसलेलं पान हातात आलं तर? इथे कान आणि ग्लोव्ज बघा. अगदी पहिल्या गोष्टीत कान डोक्यातून बाजूला फाकलेले, शिंगांसारखे, ग्लोव्ज आखूड आणि चक्क जांभळे, आणि केप वाऱ्यावर उडणारं कापड वाटतच नाही, ताठ पंख वाटतात. ग्लोव्जवरचे ते बाजूला आलेले काटे, तीन पात्यांसारखे, ते १९४० च्या सुरुवातीला आले. शेजारी रॉबिन असेल तर पान एप्रिल १९४० च्या आधीचं नाही, कारण तो आलाच त्या महिन्यात, अंक ३८ मध्ये. पुढे चाळीस आणि पन्नासच्या दशकात डिक स्प्रँगचा बॅटमॅन दिसतो, चौकोनी जबडा, पिंपासारखी छाती, छोटे कान आणि मागे अवाढव्य टाइपरायटर नाहीतर भलामोठा कॅश रजिस्टर, तो असं सामान काढायला फार आवडीने बसायचा. मला स्वतःला हा बॅटमॅन सगळ्यात आवडतो, पण ते असो.

आणि हो, पानावर बॅटमॅनचा निर्माता बॉब केनची सही दिसली म्हणून ते चित्र केननेच काढलंय असं धरू नका. त्या काळात काम बरेच जण करायचे, जेरी रॉबिन्सन, स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ, आणि सही एकाचीच. सहीवरून काळ ठरवायला गेलात तर १९४० आणि १९६५ मध्ये फरकच दिसणार नाही. मोल्डॉफमुळे अजून एक मजेशीर पट्टा तयार झाला, १९६४ नंतरही दोन-तीन वर्षं तो जुन्याच गोलमटोल शैलीत काढत होता पण छातीवर नवा अंडाकार. म्हणून चित्र पन्नासचं वाटतंय आणि अंडाकार आहे असं पान मिळालं तर ते नकली-बिकली नाही, ते साठच्या मध्यावरचं आहे.

रंगाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की ड्रेस आधी निळा होता आणि मग काळा केला. उलट आहे. केप आणि मास्क मुळात काळेच. पण सगळं काळं छापलं तर घड्या दिसत नाहीत, नुसता डाग दिसतो, म्हणून उजेड पडलाय ती बाजू निळ्याने दाखवायची पद्धत होती. हळूहळू निळा भाग वाढत गेला, काळा फक्त सावलीपुरता उरला, आणि वाचणाऱ्यांनी ते कापडच निळं आहे असं मानलं. तेव्हा केपमध्ये काळा जास्त आणि निळा नुसता कडेला, असं असेल तर सुरुवातीची वर्षं. पूर्ण निळी केप, काळ्याच्या दोन-चार रेघा, तर पन्नास-साठ. पुढे १९८९ च्या सिनेमात पूर्ण काळा ड्रेस आणि छातीवर पिवळा अंडाकार आला, आणि १९९५ मध्ये कॉमिक्समध्येही तसाच गडद ड्रेस केला. म्हणून काळा ड्रेस अधिक अंडाकार म्हणजे जवळपास नक्की १९९५ ते २०००. त्यात केली जोन्सने काढलेलं असेल तर लगेच कळतं, कान इतके लांब की चौकटीच्या बाहेर जातील असं वाटतं.

१९७० च्या आसपासचं पान म्हणजे बहुतेकांच्या मनात चित्रकार नील ॲडम्स. अंडाकार आहे, केप निळी आहे, पण माणूस बदललाय. अंग व्यायामशाळेतलं खरं वाटतं, कान उंच, केप जमिनीवर लोळेल एवढी लांब, चौकटी तिरप्या कापलेल्या आणि उजेड एका बाजूनेच येतो. चिन्ह आणि रंग १९६५ सारखेच, म्हणून इथे फक्त चित्र बघूनच फरक करता येतो.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा लक्षात राहील. एका कॉमिक्सच्या ग्रुपवर कुणीतरी एक पान टाकलं होतं, अंडाकार नाही, छोटे कान, काळं वटवाघूळ, करडा ड्रेस, रंग मळकट, तपकिरी-पिवळसर. मी छाती फुगवून लिहिलं, चाळीसचं दशक, पक्कं. दहा मिनिटांत एकाने विचारलं, "दादा, पट्टा बघितला का?" बघितला नव्हता. पट्ट्यावर सैनिकांच्या असतात तशा पिशव्या होत्या. चाळीसच्या दशकात पट्टा साधा, पुढे साठ-सत्तरमध्ये त्यावर गोळ्यांच्या डब्यांसारख्या नळकांड्या, आणि पिशव्या तर खूप नंतरच्या. मग मी मजकूर वाचला. चौकटीत निवेदक वरून काही सांगत नव्हता, पात्र स्वतःच्या मनातलं डायरीसारखं, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात बोलत होतं. चाळीसच्या कॉमिक्समध्ये असं नसतं, तिथे वरच्या पट्टीत निवेदक मोठ्याने सांगतो, आणि मनातलं ढगासारख्या फुग्यात येतं. ते पान १९८७ चं निघालं, बॅटमॅन अंक ४०४ ते ४०७ मधलं, लिहिलंय फ्रँक मिलरने, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची. गोष्ट बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची आहे म्हणून त्यांनी मुद्दाम सुरुवातीचं चिन्ह दिलं.

चिन्ह तुम्हाला गोष्टीतला काळ सांगतं, पान छापलं तो काळ नाही. एरवी दोन्ही एकच असतात म्हणून आपण सावध राहत नाही. सत्तरच्या दशकात बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने तर हे नियमासारखं वापरलं, त्यांच्या दोन वेगळ्या पृथ्व्या होत्या, एकीवरचा चालू बॅटमॅन अंडाकारवाला आणि दुसरीवरचा वय झालेला, जुन्या काळातला बॅटमॅन बिनअंडाकाराचा. म्हणून सत्तरच्या शैलीत काढलेलं चांगलं लवचिक अंग आणि छातीवर नुसतं वटवाघूळ अशी जोडी जमली तर गोंधळू नका, तो दुसऱ्या पृथ्वीवरचा आहे.

१९८६ च्या द डार्क नाइट रिटर्न्समध्ये तर एकाच गोष्टीत दोन्ही चिन्हं आहेत. सुरुवातीला निळा-करडा ड्रेस आणि अंडाकार, मग छातीवर गोळी लागते आणि कळतं की तो पिवळा गोल मुद्दामच निशाण्यासारखा ठेवलाय, कारण छातीवर चिलखत आहे, डोक्यावर नाही. त्यानंतर जाड, रुंद, काळं वटवाघूळ. म्हणून यातलं एखादं पान मिळालं तर नुसत्या चिन्हावरून काही ठरत नाही. रंगाने मात्र ओळखू येतं, लिन व्हार्लीने सपाट भरलेला रंग नाही, ब्रशने पसरल्यासारखा आहे.

यावरून रंगाचा सापळाही सांगून टाकतो. जुनं पान नव्या पुस्तकात परत छापतात तेव्हा बऱ्याचदा पूर्ण नव्याने रंगवतात. जुन्या छपाईत रंग म्हणजे ठिपके, भिंगाखाली धरा, लाल-निळे-पिवळे ठिपके वेगवेगळे दिसतील, कागद पिवळा पडलेला, आणि गाल हा एका रंगाचा सपाट तुकडा असतो. नव्याने रंगवलेल्या पानावर गालावर हळूहळू गडद होत जाणारी सावली आणि केपवर चकाकी असते, कागद गुळगुळीत. ॲडम्सच्या गोष्टींच्या २००३ पासून निघालेल्या संग्रहांत तर त्याने स्वतःच रंग बदलले आणि काही ठिकाणी चित्रंही परत काढली, म्हणजे १९७० ची गोष्ट, पण रेघ आणि रंग तीसेक वर्षांनंतरचे. असलं पान समोर आलं तर मी दोन तारखा लिहितो, गोष्टीची वेगळी आणि छपाईची वेगळी.

२००० नंतरचं पटकन सांगतो कारण तिथे अडचण कमी येते. अंडाकार नाही, काळं चिन्ह मोठं, ड्रेस काळा-करडा, पट्ट्यावर पिशव्या, तर २००० ते २०१०. ड्रेसवरून घातलेली चड्डी गायब आणि अंगावर चिलखतासारख्या शिवणी, तर २०११ नंतर, ग्रेग कॅपुलोचा. तशाच ड्रेसवर काळ्या वटवाघळाच्या कडेने बारीक पिवळी रेघ आणि केपच्या आतून जांभळा रंग दिसला तर २०१६ किंवा नंतर. चड्डी २०१८ मध्ये परत आली, का आणली ते मला विचारू नका, मला ती आवडते एवढंच.

तुमच्या पानांपैकी एखाद्याचा जवळून फोटो टाका, छाती, पट्टा आणि एखादी मजकुराची पट्टी अशी तिन्ही दिसू द्या. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापील ओळ असेल तर तीही, कॉपीराइटचं साल तिथेच सापडलं तर वरचं सगळं वाचायची गरजच नाही. फक्त अंकावर छापलेला महिना आणि तो प्रत्यक्ष विक्रीला आला ती तारीख यात महिना-दोन महिन्यांचा फरक असतो, मे १९३९ चा अंक मार्चच्या शेवटीच आला होता, तेव्हा तेवढ्यावरून कुणाशी भांडू नका.