पावसाळ्यात क्लीन रूमची आर्द्रता का चढते?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या क्लीन रूमचं एएचयू उन्हाळ्यात मस्त चालतं. पावसाळा लागला की तापमान 22 वर स्थिर, पण आरएच 65 च्या वर जातो. 55 च्या आत हवा आहे. पीआयडी कितीही ट्यून केला तरी फरक नाही. काय करू?

उत्तर: भाऊ, ट्यूनिंगला हात लावू नका. आरएच चढलेला असताना चिल्ड वॉटर व्हॉल्व्ह किती उघडा आहे, ते आधी ट्रेंडवर बघा. माझा अंदाज, 20-30 टक्क्यांवर असेल.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 वर जातो, पण हवा कोरडी असते. तेव्हा तापमानासाठी व्हॉल्व्ह भरपूर उघडतो आणि ओलाव्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात बाहेर 27-28 अंश असतात. खोली लवकर 22 वर येते, तापमानाचा लूप व्हॉल्व्ह मिटत नेतो, कॉइल कोमट होते आणि हवेतलं पाणी गळायचं थांबतं. लूप त्याचं काम बरोबर करतोय, पण ओलाव्याची बाजू मांडणारं तिथं कुणीच नाही.

22 अंश आणि 55 टक्के म्हणजे दवबिंदू साधारण 12.5 अंश. खोलीत माणसांचाही ओलावा असतो, म्हणून कॉइलमधून निघणारी हवा 11 च्या आसपास हवी. तेवढी गार हवा थेट सोडली तर खोली 22 च्या खाली जाईल, म्हणून कॉइलच्या पुढे रीहीट लागतो. पीएलसीत असं करा:

```
CHW_VALVE = MAX(TEMP_COOL_OUT, DEHUM_OUT)
HEATER    = TEMP_HEAT_OUT
```

ज्याची मागणी जास्त त्याच्या हाती व्हॉल्व्ह, आणि तापमान सावरायचं काम हीटरकडे. हीटरला एअरफ्लो आणि हाय टेम्परेचर इंटरलॉक हवाच, त्यात तडजोड नको.

डीह्युमिडिफिकेशनचा लूप आरएचवर न चालवता दवबिंदूवर चालवा, असं माझं ठाम मत आहे. ओलावा तोच राहून खोली 22 वरून 20 वर आली, तरी आरएच 55 वरून 62 दिसतो. मग तापमान हललं की दुसरा लूपही विनाकारण धावतो आणि दोघे एकमेकांना झुलवत राहतात.

व्हॉल्व्ह 100 टक्के उघडूनही कॉइलनंतर 14 अंशच मिळत असतील, तर दोष लॉजिकमध्ये नाही. चिलरचं पाणी 6-7 अंशांनी येतंय का, स्ट्रेनर तुंबलाय का, ते बघा.

आता प्रेशर. कॉरिडॉरपेक्षा 15 पास्कल जास्त टिकवायला बरेच ऑपरेटर फ्रेश एअर डँपर उघडत जातात. प्रेशर मिळतं, पण पावसाळ्यात तोच डँपर 25 अंश दवबिंदूची हवा आत ओढतो आणि कॉइल हरते. सप्लायचा एअरफ्लो व्हीएफडीवर स्थिर ठेवा, प्रेशर रिटर्न डँपरने सांभाळा आणि हा लूप संथ ठेवा. दार उघडलं की प्रेशर पडणारच. तेवढ्या काळात डँपरचं आउटपुट गोठवा, नाहीतर दार मिटताच प्रेशर उसळी मारेल. फ्रेश एअर गरजेपुरतीच ठेवून डँपर जागेवर लॉक करा.