मॉडेल सात, पण चालू कोणतं?

"मॅडम, माझ्या रेझ्युमेत मशीन लर्निंगचे सात प्रोजेक्ट आहेत, अचूकताही चांगली आहे. पण जाहिरातीत 'प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटचा अनुभव हवा' असं दिसलं की मी अर्जच करत नाही. तो अनुभव नोकरीशिवाय आणायचा कुठून?"

हा तरुण सुट्या भागांच्या एका वितरक कंपनीत डेटा अॅनालिस्ट होता. मी त्याला एकच विचारलं, "या सातांपैकी कोणत्या मॉडेलचं उत्तर तुमच्याशिवाय दुसरं कुणी वापरतं?" तो म्हणाला, "एकाचंच. मागणीचा अंदाज दर सोमवारी पहाटे आपोआप निघतो, खरेदी विभाग त्यावर ऑर्डर टाकतो." रेझ्युमेत मात्र हे काम सहाव्या क्रमांकावर होतं आणि त्यात फक्त अल्गोरिदमचं नाव आणि अंदाज किती टक्के चुकतो एवढंच लिहिलं होतं.

माझ्या मते हेच प्रॉडक्शन. ठरलेल्या वेळी चालणारं बॅच काम प्रॉडक्शनमध्ये धरायचं नाही, हा गैरसमज मला वारंवार भेटतो.

मग विचारलं, ते कधी बंद पडलं? पडलं होतं. कंपनीनं नवं गोदाम उघडलं आणि सोमवारी अंदाज आलाच नाही. गोदामांच्या नावांचे कॉलम तो `pd.get_dummies` नं दर वेळी नव्यानं बनवायचा. नव्या नावामुळे एक कॉलम वाढला, प्रशिक्षणाच्या वेळचे कॉलम जुळेनात, मॉडेलनं एरर दिली. त्यानं पुढे हे केलं:

```python
OneHotEncoder(handle_unknown="ignore")
```

हा एन्कोडर आणि मॉडेल एकाच `Pipeline` मध्ये बांधून एकत्र सेव्ह केले. पण अनोळखी गोदामाच्या जागी आता नुसती शून्यं जातात. एरर येत नाही, अंदाज मात्र भरवशाचा राहत नाही. हे ओळखून त्यानं अशा ओळी लॉगमध्ये वेगळ्या काढल्या आणि पुरेसा डेटा साठेपर्यंत त्यांचा अंदाज खरेदी विभागाकडूनच घेतला. मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचं असतं ते हे, आणि रेझ्युमेत त्यातलं अक्षरही नव्हतं.

आम्ही ते काम सगळ्यात वर आणलं: कधी चालतं, डेटा कुठून येतो, कोण वापरतं, काय बिघडलं, कसं कळलं, काय बदललं. शिकताना केलेले चार प्रोजेक्ट काढून टाकले.

जाहिरातीत डॉकर आणि लाइव्ह एपीआयही मागितले होते. ते त्यानं केलं नव्हतं. मी सांगितलं, हेच मॉडेल कंपनीचा डेटा न वापरता, बनावट डेटावर शिकवून फास्टएपीआयमागे ठेवा, डॉकर इमेज बनवा, पण त्यापुढे 'वैयक्तिक सराव' असं स्पष्ट लिहा. एकाच वेळी शेकडो विनंत्या आल्या की काय होतं हे त्यातून कळत नाही, आणि तो अनुभव नाही हे मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

त्यानं दोन वर्षांपर्यंतचा अनुभव मागणाऱ्या जागांना अर्ज केले. मोठा लाइव्ह ट्रॅफिक सांभाळल्याची अट असलेल्या जागा मीच तूर्त बाजूला ठेवायला सांगितल्या.