मेघाडंबराचा डंबू

प्रश्न: माझ्या फॅन्टसी कथेत हजारो वर्षं जुना एक ड्रॅगन आहे. नाव एकदम भारदस्त, लांबलचक हवंय, पण त्याच्यासोबत राहणारी नऊ वर्षांची मुलगी लाडाने ते छोटं करते आणि ते छोटं नावही ओढूनताणून केल्यासारखं वाटायला नको. कसं ठेवू? एखादं सुचवा ना.

उलटीकडून सुरुवात करा. आधी लाडाचं नाव ठरवा, घरात दोनचारदा मोठ्याने हाक मारून बघा, आणि जमतंय असं वाटलं की मग मोठं नाव बांधा. बहुतेक जण आधी संस्कृतातले तीन जडजंबाल शब्द जोडतात आणि मग पोरीच्या तोंडी द्यायला त्यात काही उरतच नाही. वेदातला अहिर्बुध्न्य घ्या, खोल पाण्याच्या तळाशी राहणारा सर्प, म्हणजे ड्रॅगनसाठी याहून जुनं नाव कुठून आणणार, पण ते सुरूच होतं स्वराने. 'ए अहू' म्हणून बघा, नुसता सुस्कारा ऐकू येतो. शिवाय कथेत तुम्हाला 'अहिर्बुध्न्याच्या शेपटीखाली' असलं काहीतरी पन्नास वेळा लिहावं लागणार, वाचणारा तिसऱ्या वेळेलाच डोळे पुढे सरकवतो. म्हणून नाव कुठलंही असो, त्याला -ने, -ला, -च्या लावून आधी बोलून बघाच.

आता नाव छोटं कसं होतं ते. गंमत म्हणजे हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत सांगून ठेवलाय. माणसाचं नाव दोनपेक्षा जास्त स्वरांचं असेल आणि मायेने घ्यायचं असेल तर दुसऱ्या स्वराच्या पुढचं सगळं उडवायचं आणि छोटा प्रत्यय लावायचा, म्हणजे देवदत्तचा देविक किंवा देविल. आपण आजही जवळपास तेच करतो, फक्त शेपूट बदललंय. पुरुषोत्तमचा पुरू, दत्तात्रेयचा दत्तू, व्यंकटेशचा व्यंकू. जोडाक्षर अडलं की जीभ ते परस्पर सोपं करून टाकते, विश्वनाथचा विशू होतो, 'विश्वू' कोणी म्हणत नाही. दुसरी वाट म्हणजे नावाचा अर्धा भागच टाकून द्यायचा. व्याकरणवाल्यांचं उदाहरण सत्यभामेचं आहे, तिला नुसतं सत्या म्हणा नाहीतर नुसतं भामा. ड्रॅगनच्या नावाला ही दुसरी वाट जास्त कामाची, कारण पुढचा भाग भारदस्त ठेवता येतो आणि गोड आवाज मागच्या भागात लपवता येतो.

मी तुमच्या जागी असतो तर नाव ठेवलं असतं मेघाडंबर. अर्थ ढगांचा गडगडाट, आणि मराठी वाचकाला मेघडंबरी माहीत असल्यामुळे शब्द परका वाटत नाही, सिंहासनाचा थाट आपोआप येतो. पुढून कापलं तर मेघू, ते ठीकठाक, जरा शेजारच्या मेघनासारखं. मागून कापलं तर डंबू! एवढ्या अवाढव्य प्राण्याला डंबू म्हणणारी पोरगी डोळ्यासमोर उभी राहिली की नाही? आणि चालवायलाही सोपं, मेघाडंबराने, डंबूला, डंबूच्या, कुठेही जीभ अडकत नाही. अजून लांब हवं असेल तर दरबारी ललकारीसाठी पुढे बिरुदं जोडा, 'वज्रकंठ कालानल मेघाडंबर', पण ती वर्षातून एकदा भाटाच्या तोंडी, रोजच्या निवेदनात अजिबात नको.

खरी मजा पुढे आहे. मराठीत छोटं नाव एकच नसतं, कोण हाक मारतंय त्यावर शेपूट ठरतं. पोरगी म्हणणार डंबू. त्याने गोठ्यावर शेपूट आपटून छप्पर पाडलं की तिची आजी म्हणणार 'डंब्या, इकडे ये मेल्या', म्हणजे -या लागला की एक तर दोस्ती नाहीतर राग. आणि गावकरी, जे त्याला घाबरतात, ते म्हणणार डंबोबा. हे -ओबा विसरू नका बरं का, कारण आपल्याकडे वाघाचा वाघोबा आणि नागाचा नागोबा होतो तो निव्वळ लाडाने नाही, भीती आणि मान दोन्ही त्यात असतात, आणि प्राचीन प्राण्याला याच्याइतकं चपखल शेपूट दुसऱ्या भाषेत शोधून सापडेल का मला शंकाच आहे. म्हणजे बघा, शत्रूने डंब्या म्हणलं, गावाने डंबोबा म्हणलं, पोरीने डंबू म्हणलं, तर कोण बोलतंय हे वेगळं सांगायची गरजच पडत नाही. आणि पोरगी ज्या दिवशी त्याला पूर्ण 'मेघाडंबर' म्हणेल त्या दिवशी काहीतरी बिनसलंय हे वाचकाला कळणारच, आपली आई पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा कळतं तसं.

नावं फसतात कुठे, तर छोटं रूप आधीच दुसऱ्या कोणाचं तरी असतं तिथे. वासुकीचा वासू झाला की ड्रॅगन गेलाच, आरामखुर्चीत पेपर वाचणारे वासूकाका उरतात. विकरालचा विकू होतो आणि वाक्यात 'विकू का?' आलं की ड्रॅगन बाजारात उभा. हलाहलकंठला हलू म्हणलं तर पुढे 'नको' आपोआप ऐकू येतं. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेलं गंडभेरुंड अनेकांना मोहात पाडतं, दोन डोक्यांचा पक्षी, दिसतोही जबरदस्त, पण त्याचं पुढचं टोक पोरीच्या तोंडी देऊ नका, कारण सांगायला लावू नका. मागून घेतलं तर भेरू मात्र मस्त आहे.

पुराणातलं तयार नाव घेतलंत तर त्याची गोष्टही सोबत येते हे लक्षात ठेवा. कर्कोटक म्हणलं की ज्याला नलदमयंतीची कथा माहितीये तो लगेच वाट बघणार की हा कोणाला तरी चावून त्याचं रूप बदलणार. तुमच्या कथेत तसं काही नसेल तर उगाच अपेक्षा वाढते. माझ्या मते फारसं कोणी न वापरलेलं आणि खरोखर ड्रॅगनला शोभणारं नाव म्हणजे महाभारतातला धुंधू. तो वाळूखाली झोपून असायचा आणि वर्षातून एकदा श्वास सोडला की जमीन हादरायची, धूर आणि ठिणग्या उडायच्या, शेवटी कुवलाश्व राजाने त्याला मारलं. नाव जन्मतःच छोटं आहे म्हणून याला उलट मोठं करा, धुंधुकेतू किंवा धुंधुमेघ, आणि हाक मारायला धुंधू आयतं मिळतं.

ड्रॅगन पाण्यातला असेल तर तिमिंगिल बघा, तिमी नावाच्या राक्षसी माशाला गिळणारा तो तिमिंगिल. (त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल आहे, तो खलनायकासाठी ठेवा.) हाक तिमू. मादी असेल तर दुंदुभी, लाडात दुंदू, आणि तुमची पोरगी जरा आगाऊ असेल तर दुंदूताई.