ऋण निश्चयकाचा भौमितिक अर्थ

प्रश्न: निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ, मग तो −5 कसा येतो?

क्षेत्रफळ 5 पटच होतं. ऋण चिन्ह सांगतं की आकृती आरशातल्यासारखी उलटली. समजा मॅट्रिक्सचे स्तंभ (1, 3) आणि (2, 1) आहेत. निश्चयक 1×1 − 2×3 = −5. एकक चौरसाच्या (1, 0) आणि (0, 1) या बाजू अनुक्रमे याच स्तंभांवर जातात आणि 5 क्षेत्रफळाचा समांतरभुज चौकोन बनतो. आधी पहिल्या बाजूकडून दुसरीकडे जाताना घड्याळाच्या उलट वळावं लागे, आता घड्याळाच्या दिशेने वळावं लागतं. चिन्ह बदलतं ते यामुळेच. त्रिमितीत हेच घनफळाला लागू पडतं. मात्र निश्चयकावरून लांबी ताडू नका: x 10 पट आणि y 0.1 पट केला तरी निश्चयक 1 च येतो, पण चौरसाची लांबट पट्टी झालेली असते.